मॅच अटकते, घरात १७ डिवाइस: क्यूओएस लावू की नवा राऊटर घेऊ? (नागपूर, बजेट २५००)

मनीषनगरकर:
घरात लग्न आहे, पाहुणे येऊन राहिले. मोजले तर वायफायवर १७ डिवाइस. प्लॅन ६० एमबीपीएसचा. संध्याकाळी टीव्हीवर लाइव्ह मॅच लावली की दर पाच मिनिटांनी गोल फिरतो. गंमत म्हणजे त्याच वेळी पिक्चर लावला तर बरा चालतो. कंपनीचा पांढरा डबा आहे, त्याला माझा राऊटर जोडला आहे, आणि त्यात कोणत्या डिवाइसला आधी नेट द्यायचं ते ठरवायचा क्यूओएस नावाचा पर्याय दिसतो. तो लावून भागेल की नवा राऊटर घ्यावा? बजेट २५००, त्याच्या वर नाही. बाबांचा जीव मॅचमध्ये आहे.

धरमपेठी:
२५०० मध्ये काही होत नाही भाऊ. मी तीन डब्यांचा मेश घेतला, १४ हजार लागले, पण आता गच्चीवरही फुल रेंज. एकदाच घ्या अन् मोकळे व्हा.

संत्रासोडा:
प्लॅन २०० चा करून टाका. १७ डिवाइस अन् ६० चा प्लॅन, कसं पुरन राजेहो?

मनीषनगरकर:
@धरमपेठी, बजेट वर लिहिलं आहे.

कूलरवाला:
टीव्ही अन् राऊटरच्या मधात कूलर आहे का? आमच्याकडं होता. लोखंडी बॉडी, आत टाकीभर पाणी. वायफाय त्यातून जाईलच कसा? कूलर दुसऱ्या खिडकीत हलवला अन् अटकणं बंद. लोकं उगाच राऊटर बदलत बसतात.

मनीषनगरकर:
कूलर आहे, पण बाजूच्या खोलीत.

वायरमन_सदर:
थांबा, आधी दुखणं कुठं आहे ते पाहा. टीव्हीला वायफाय बंद करून लॅनची वायर लावा. वायर लावल्यावर अटकणं थांबलं तर दोष हवेत आहे, मग क्यूओएसनं काही होणार नाही. कूलरवाल्यांचं तेव्हा खरं. वायर लावूनही अटकलं तर दोष लाइनीत आहे.

मग लॅपटॉपही वायरनंच जोडा आणि हे चालू ठेवा:

```
ping 8.8.8.8 -t
```

एकदा सगळे झोपल्यावर पाहा, एकदा मॅच अटकत असताना. time= पुढं जे मिलिसेकंद दिसतात ते दोन्ही वेळचे आकडे इथं टाका. स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती येतो तेही सांगा. कोणी सांगतच नाही तो.

संत्रासोडा:
टीव्हीचा अन् अपलोडचा काय संबंध? टीव्ही तर डाउनलोड करतो.

वायरमन_सदर:
टीव्ही दर काही सेकंदांनी पुढचा तुकडा मागतो. ती मागणी, अन् 'मिळालं, पुढचं पाठव' ही पोच, दोन्ही अपलोडच्या रस्त्यानंच जातात. तो रस्ता फोटोंनी भरला असला की मागणी रांगेत उभी राहते आणि डाउनलोड रिकामा असूनही टीव्ही उपाशी. पिक्चरचा साठा टीव्ही एक-दोन मिनिटांचा आधीच भरून ठेवतो, म्हणून कळत नाही. लाइव्हमध्ये पुढचं अजून घडलेलंच नसतं, साठवणार काय?

अजनीचा_अज्जू:
आमच्याकडं लाइट गेली की राऊटर बंद पडतो, त्याला छोटा यूपीएस कोणता घ्यावा?

मनीषनगरकर:
@अजनीचा_अज्जू, वेगळा धागा काढा नं.

@वायरमन_सदर, वायर लावली, तरी अटकली. पिंग पहाटे २२. काल साडेआठला ४८०, मधेमधे टाइमआउट. डाउनलोड ५८, अपलोड ९.६. पाहुण्यांचे फोन हळदीचे फोटो अन् व्हिडिओ क्लाऊडवर चढवत बसले होते. शिवाय बाबांनी लावलेले तीन कॅमेरे चोवीस तास क्लाऊडवर रेकॉर्डिंग पाठवतात.

वायरमन_सदर:
मग सापडलं. कॅमेरा दोन-दोन एमबीपीएस धरला तरी तीन मिळून सहा झाले. ९.६ मधून उरले साडेतीन, अन् त्यावर सगळं वऱ्हाड.

क्यूओएसमध्ये अपलोड ८५०० आणि डाउनलोड ५०००० टाका. रकाना केबीपीएसचा आहे का ते नीट वाचा. पूर्ण ९६०० टाकू नका. खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा दिला तरच रांग तुमच्या राऊटरमध्ये लागते, अन् कोणाला पुढं सोडायचं ते राऊटर ठरवतो. नाहीतर रांग कंपनीच्या डब्यात लागते, तिथं तुमचं कोणी ऐकत नाही. मग टीव्हीला हाय प्रायॉरिटी, कॅमेऱ्यांना लो. टीव्हीच्या वायरचा अन् वायफायचा मॅक पत्ता वेगळा असतो, वायरचाच निवडा.

महालातला_मामा:
रकान्याबद्दल सांगतो, हसू नका. मी तिथं नुसतं ५० टाकलं होतं. केबीपीएस! सगळं घर बसलं. दोन दिवस कंपनीवाल्याशी भांडलो, तो बिचारा घरी येऊन गेला. पोरीनं पाहिलं तेव्हा कळलं.

धरमपेठी:
माझ्या मेशमध्ये हे ॲपवरूनच होते.

मनीषनगरकर:
लावलं सगळं. पिंग ४८० चा ४१० झाला, बस. मॅच अटकतेच आहे.

संत्रासोडा:
म्हटलं होतं मी. प्लॅन वाढवा.

वायरमन_सदर:
संत्रासोडा, नव्या प्लॅनमध्ये अपलोडही वाढत असेल तर फरक पडेल, पण फोन तोही भरतील.

@मनीषनगरकर, कॅमेरे कोणत्या वायफायवर आहेत? तुमच्या राऊटरच्या की पांढऱ्या डब्याच्या?

मनीषनगरकर:
पांढऱ्या डब्याच्या. काही पाहुण्यांनाही तोच पासवर्ड दिला आहे.

वायरमन_सदर:
तिथंच आहे गोम. ती मंडळी तुमच्या राऊटरच्या दारातून जातच नाहीत, त्यांना नियम कसा लागेल? पांढऱ्या डब्याचा वायफाय बंद करा, अन् तेच नाव, तोच पासवर्ड तुमच्या राऊटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर द्या. कॅमेरे आपोआप येतील.

मनीषनगरकर:
शिडी काढली होती गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी, ठेवली परत. दोन कॅमेरे लगेच आले. तिसऱ्याला रीस्टार्ट करावं लागलं, तेवढ्यासाठी आतल्या खोलीतला अडॅप्टर काढून लावला.

आज साडेआठला पिंग २५ ते ४०. फोटो हळू चढतात म्हणून भाऊ कुरकुरला. मॅच एकदाही अटकली नाही.

कूलरवाला:
तरी कूलर एकदा हलवून पाहाच.

विद्यार्थी_त्रिमूर्तीनगर:
माझा प्लॅन ३०० चा आहे. क्यूओएस चालू केल्यावर वेग १४० वर आला, बंद केला की परत ३००. असं काहून?

वायरमन_सदर:
क्यूओएस लावला की बऱ्याच स्वस्त राऊटरांत हार्डवेअरचा शॉर्टकट बंद होतो अन् प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाती घ्यावं लागतं. ६० च्या लाइनीला जाणवत नाही. मॉडेल सांगा. नुसता अपलोड बांधूनही काही राऊटरांत भागते, पण तुमच्यात चालेल का ते पाहावं लागेल.

धरमपेठी:
म्हणून म्हणतो, मेश.

मनीषनगरकर:
शेवटचा अपडेट. बाबांनी काल मला न विचारता जुन्या डिशचा रिचार्ज मारला. म्हणे, अटकत नाही हे ठीक, पण शेजारचे 'आऊट' म्हणून ओरडतात तेव्हा आपल्या टीव्हीवर बॉलर अजून पळतच असतो. लाइव्ह अर्धा मिनिट मागं चालते, त्याला क्यूओएसमध्ये रकाना नाही म्हणून मीही गप्प बसलो. टीव्हीची हाय प्रायॉरिटी सध्या आईच्या मालिकांना.

अजनीचा_अज्जू:
यूपीएसचं कोणी सांगितलं नाही.