अनुभव धागा: गणपतीतल्या रात्रीच्या पहाऱ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर नावं कशी मागवता?

पारिजातक
सोसायटीच्या गणपतीत वर्गणी आणि मांडव वेळेत मार्गी लागतात, पण स्वयंसेवकांची नावं स्थापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत गोळा होत राहतात. या धाग्यात फक्त त्या एका मेसेजबद्दल लिहू या, ज्यात वेळा देऊन शेजाऱ्यांकडून नावं मागवली जातात. मेसेज कसा लिहिता, उत्तरं कोण गोळा करतं, गोंधळ नेमका कुठे होतो?

तुलना करता यावी म्हणून एकच उदाहरण धरू. 84 फ्लॅट, पाच दिवसांचा गणपती, सोमवारी 14 सप्टेंबर 2026 ला स्थापना, शुक्रवारी 18 ला विसर्जन. रात्रभर मूर्तीपाशी दोघं जण हवेत, कारण समई तेवत असते, दानपेटी असते आणि रोषणाईच्या वायरी चालू असतात.

चिटणीसकाका
मेसेज लिहायच्या आधी जागा मोजा. पाच दिवसांचा गणपती म्हणजे रात्री चारच. अनेक याद्यांमध्ये पाच रात्री टाकलेल्या असतात, मग शुक्रवार रात्रीचे दोघं विसर्जनानंतर रिकाम्या मांडवात कशाला बसायचं म्हणून विचारतात. मूर्ती रविवारी संध्याकाळीच आणून ठेवणार असाल तर मात्र पाच रात्री खऱ्या.

चार रात्री, रात्रीला तीन पाळ्या, पाळीला दोघं, म्हणजे 24 जागा. 84 घरांत 24 नावं मिळणं अवघड नाही. अवघड आहे ती मधली पाळी. 11 ते 2, 2 ते 5, 5 ते 8 अशी विभागणी केली की 2 ते 5 च्या आठ जागा रिकाम्या राहतात, कारण त्यांना झोपेच्या दोन्ही बाजू तोडाव्या लागतात. त्याऐवजी साडेदहा ते दीड, दीड ते साडेचार, साडेचार ते साडेसात अशा वेळा द्या. ज्यांचं ऑफिसचं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं ते दीडपर्यंत जागेच असतात. ज्येष्ठ मंडळी चारला उठतातच, त्यांना साडेचारची पाळी सोयीची पडते. जागा तेवढ्याच राहतात, पण टोकाच्या पाळ्या लोकांच्या सवयीत बसल्यामुळे लवकर भरतात आणि मधल्या पाळीसाठी तरुण मुलं मोकळी राहतात.

मेधा_ठाणे
एवढा खटाटोप कशाला, पोल टाका. बारा पाळ्या, बारा पर्याय. पोलमध्ये बाराच पर्याय चालतात, त्यामुळे अगदी मापात बसतं. एकाहून जास्त पर्याय निवडायची मुभा चालू ठेवायची. कोणी कुठे मत दिलं ते नावासकट दिसतं.

लोअरपरळकर
पोल दिसायला सोपा असतो, पण त्यात एका पर्यायाला किती मतं चालतील याची मर्यादा घालता येत नाही. सोमवार साडेदहा ते दीडला नऊ जण टिक करतात आणि बुधवारच्या मधल्या पाळीला शून्य. मग नऊपैकी सात जणांना "तुम्ही नको" सांगायची वेळ येते, आणि ते दुसरी पाळी घेत नाहीत, गप्प बसतात. दुसरं म्हणजे मत केव्हाही काढून घेता येतं. काढलं की ग्रुपवर काही उमटत नाही, फक्त आकडा एकाने कमी होतो. पोल वापरलाच तर मुदत संपताच नावं कागदावर उतरवा आणि त्यानंतरचं टिक धरणार नाही असं मेसेजमध्येच लिहा.

आणि नंबर सेव्ह नसेल तर नाव दिसतं ते प्रोफाइलवर ठेवलेलं. "जय श्रीराम" किंवा नुसता गुलाबाचा फोटो असेल तर फ्लॅट कुठला ते शोधत बसावं लागतं.

अण्णा_सातारकर
आमच्याकडे या गोष्टीवरून वाद होत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या आरतीला चिठ्ठ्या टाकतात, ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या जोडप्याला मान. पाच दिवसांत दहा घरं होतात. ज्यांची निघाली नाही त्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी आधी. तुम्हीही चिठ्ठ्याच टाका.

पारिजातक
अण्णा, तुम्ही आरतीचा मान म्हणताय, इथे पहाऱ्याचं चाललंय. चिठ्ठी टाकून कुणाला पहाटे अडीचला बसवता येईल का याची मला शंका आहे.

चिटणीसकाका
अण्णांच्या उत्तरातून एक कामाची गोष्ट निघते. आरती आणि पहारा एकाच यादीत कधी घालू नका. एकत्र यादी आली की सगळे वरची आरतीची रांग भरतात, "नाव दिलं" असं त्यांना वाटतं आणि पहारा तसाच राहतो. आधी फक्त पहाऱ्याचा मेसेज, तो भरला की दोन दिवसांनी आरतीचा.

स्वरा
कॉपी-पेस्टच्या यादीबद्दल कोणी लिहिलं नाही. बहुतेक ग्रुपवर तीच पद्धत असते. यादी कॉपी करायची, आपलं नाव लिहायचं, परत टाकायची. दोघांनी एकाच वेळी कॉपी केली की नाव उडतं. समजा यादीत सहा नावं आहेत. 302 ने कॉपी केली, 504 नेही तीच कॉपी केली. 302 ने सात नावांची यादी टाकली, मिनिटाभरात 504 ने टाकली, तीही सातच नावांची, पण तिच्यात 302 नाही. पुढचा माणूस सर्वांत खालची यादी उचलतो आणि 302 कायमचा गेला. 302 ला वाटतं आपण यादीत आहोत, समितीला वाटतं जागा रिकामी आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक नव्या यादीत नावांची संख्या एकाने वाढलीच पाहिजे. तेवढीच राहिली किंवा घटली तर त्याच क्षणी मागची यादी उघडून बघा.

उपाय म्हणजे यादीत लिहिणारा हात एकच ठेवायचा. लोकांनी फक्त संकेत आणि फ्लॅट नंबर पाठवायचा, एका माणसाने नोंदवून रात्री नवी यादी टाकायची. असा मेसेज चालतो:

```
*रात्रीचा पहारा: 24 जागा*
रविवार 6 सप्टें. संध्या. 7 पर्यंत नाव द्या.
या मेसेजला उत्तर म्हणून फक्त संकेत + फ्लॅट.
उदा. मं2 302

सो1  14 ता. रात्री 10.30 ते 1.30
सो2  15 ता. पहाटे 1.30 ते 4.30
सो3  15 ता. पहाटे 4.30 ते 7.30
(मं, बु, गु: याच वेळा, तारीख एकेक पुढे)

प्रत्येक पाळीत दोघं. आधी आलेलं नाव आधी.
यादी रोज रात्री 9 ला याच ग्रुपवर.
```

मुदत आणि उत्तर कसं द्यायचं हे वरच्या ओळींतच हवं. मेसेज लांबला की खालचा भाग "रीड मोअर"च्या मागे जातो आणि तिथवर फार कमी जण पोचतात. "गणरायाच्या कृपेने सर्व सभासदांस कळविण्यात येते की" अशी सुरुवात केली तर कामाची ओळ दिसतच नाही. नमस्कार वेगळ्या मेसेजात घाला.

मेधा_ठाणे
पहाटेचा घोळ टाळायचा तर चोवीस तासांचं घड्याळ वापरा. 01:30 लिहिलं की दुपारचं की रात्रीचं हा प्रश्नच नाही. आणि चुकलं तर मेसेज एडिट करता येतो, रोज नवी यादी टाकायची गरज काय?

लोअरपरळकर
एडिट पंधरा मिनिटांतच करता येतं. नंतर तो पर्याय जातो. म्हणून रोज नवी यादी टाकायची, वर "यादी 3", "यादी 4" असा क्रमांक घालायचा, जुनी अनपिन करून नवी पिन करायची. पिनची मुदत निवडताना सात दिवस घ्या, चोवीस तास घेतले तर दुसऱ्या दिवशी गायब.

चोवीस तासांच्या घड्याळाने दुपार-रात्रीचा घोळ सुटतो, तारखेचा सुटत नाही. "सोमवार 01:30" वाचून निम्मे लोक रविवारची रात्र संपताना येतील, निम्मे सोमवारची संपताना. मूर्ती सोमवारी सकाळी येणार, म्हणजे पहिले लोक रिकाम्या मांडवात उभे. स्वराने लिहिलंय तसं तारीख आणि "पहाटे" दोन्ही लिहिलं की शंका राहत नाही.

न्यू जर्सीकर
इथल्या मंडळांत साइनअप जीनियससारखी साइट वापरतात. प्रत्येक वेळेला किती जागा ते आधीच घालता येतं, भरली की ती बंद होते, आणि आदल्या दिवशी आपोआप आठवणीचा ईमेल जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त लिंक. रात्रीचा पहारा नसतो, हॉल काही तासांपुरता भाड्याने घेतलेला असतो. त्यामुळे सर्वांत आधी मांडणीच्या पाळ्या भरायला काढतात आणि हॉल रिकामा करायच्या शेवटच्या पाळीसाठी नावं मिळत नाहीत. तिथे तुमच्या मधल्या पाळीसारखंच होतं.

चिटणीसकाका
लिंक आली की आमच्या वयाचे बरेच जण उघडतच नाहीत, फसवणुकीची भीती असते. गूगल शीटला तर सगळ्यांना लिहायची परवानगी द्यावी लागते आणि एखाद्याच्या बोटाने अख्खी ओळ पुसली जाते. लिफ्टपाशी कागद लावा, खाली पेन बांधा, संध्याकाळी त्यावरची नावं यादीत घ्या. मात्र एखादी जागा ग्रुपवर आणि कागदावर दोन्हीकडे दिली जाऊ नये म्हणून नोंद त्याच एका माणसाने करायची.

स्वरा
मधली पाळी उरली की ग्रुपवर "अजून पाच जागा रिकाम्या आहेत, कृपया पुढे या" टाकून काही होत नाही, सगळे दुसऱ्याची वाट बघतात. एकेकाला वेगळा मेसेज करा आणि पाळी नेमून विचारा: "बुधवारची मधली पाळी घ्याल का? जोडीला 601 चा मुलगा आहे." जोडीदार कोण हे कळलं की होकार पटकन येतो. बायकांची नावं हवी असतील तर जोडी त्यांनाच ठरवू द्या, मायलेकी किंवा शेजारणी मिळून येतात.

गौरीपूजनाच्या दिवशीचं कुठलंही काम मांडण्याआधी पंचांग बघा. गौरी नक्षत्रावर येतात, त्यामुळे दिवस दरवर्षी पुढे-मागे होतो. ज्या घरी गौरी आहेत त्या घरातून त्या दिवशी कोणी मिळणार नाही.

मेधा_ठाणे
नाव देऊन आलेच नाहीत तर?

लोअरपरळकर
त्याचा फटका आधीच्या जोडीला बसतो. दीडला सुटायचे ते साडेचारपर्यंत अडकतात आणि पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. म्हणून तीन गोष्टी. संध्याकाळी सातला त्या रात्रीच्या सहाही जणांना वैयक्तिक मेसेज, त्यात पुढच्या पाळीतल्या दोघांचे फोन नंबर. बदली हवी तर माणूस स्वतः शोधायचा, पण नोंदवणाऱ्याला कळवल्याशिवाय बदली झाली असं धरायचं नाही. आणि रात्रीला एक राखीव नाव, शक्यतो तळमजल्यावरचं. पाळी बदलताना पंधरा मिनिटं चौघं एकत्र असावेत, समईतलं तेल आणि दानपेटीचं कुलूप दोघांनी दोघांना दाखवायचं.

अण्णा_सातारकर
महाप्रसादाच्या वाढप्यांना हीच पद्धत लावता येईल का? तिथे वेळ पाळली जात नाही.

चिटणीसकाका
तिथे तासांवर नावं घेऊ नका, पंगतीवर घ्या. "पहिली पंगत, भात" असं नाव लिहायचं. पंगत वीस मिनिटं उशिरा बसली तरी माणूस तिच्याबरोबरच सरकतो. पदार्थ नेमून दिला नाही तर सगळे जिलेबीचं ताट उचलतात आणि मीठ-लिंबू कोणी वाढत नाही. पहिल्या पंगतीचे वाढपी दुसऱ्या पंगतीत जेवणार हे मेसेजमध्येच लिहा.

न्यू जर्सीकर
एक शंका. कोणत्या फ्लॅटमधलं कोण पहाटे दोनला घराबाहेर असेल, ही यादी तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं बरोबर आहे का? त्या ग्रुपमध्ये भाडेकरू सोडून गेलेलेही असतात, दलालही असतात.

स्वरा
ग्रुपवर नुसत्या भरलेल्या आणि रिकाम्या जागा दाखवायच्या, नावं फक्त त्या चोवीस जणांच्या वेगळ्या ग्रुपवर, असं करता येईल. पण उघड नावं दिसली की बाकीचे पुढे येतात, तेही खरं आहे.

चिटणीसकाका
मी उघड यादीच्या बाजूचा आहे, पण आधी ग्रुपमधून सोडून गेलेल्यांचे नंबर काढा. नुसते आकडे टाकून कुठे नावं भरली असतील तर त्यांनी लिहावं, मला वाचायचं आहे.