अक्ष म्हणायचं की सांधा? रोबो-हाताच्या परिभाषेवरून चर्चा

प्रश्न (पुस्तिका लिहिणारी)
सहा अक्षांच्या रोबो-हातावर नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तिका लिहिते आहे. ॲक्सिसला 'अक्ष', मनगटाच्या टोकाला बसवायच्या साधनाला, म्हणजे एंड इफेक्टरला 'अंत्य प्रभावक' आणि रोबो चालवायच्या हातातल्या पडदा-बटणांच्या खोक्याला, म्हणजे टीच पेंडंटला 'शिक्षण-लोलक' असे शब्द योजलेत. चालतील का? की सगळं इंग्रजीच ठेवू?

रोबो प्रशिक्षक
'अक्ष' बिनधोक वाटतो, पण या तिघांत मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. का, ते आमच्याकडे घडलेल्या प्रसंगावरून सांगतो.

सरावाच्या कागदावर मीच लिहिलं होतं, 'तिसऱ्या अक्षावर १० ने खाली या.' माझ्या मनात Z होता, म्हणजे पंजा सरळ १० मिमी खाली. मुलाने तिसरा अक्ष म्हणजे J3, कोपर, असं धरलं. त्याचीही चूक नाही, आदल्याच दिवशी मी कोपराला 'तिसरा अक्ष' म्हणालो होतो. पेंडंट जॉइंट मोडवर होतं, म्हणजे बटण दाबलं की एकच सांधा वळणार. त्याने बटण दाबून धरलं आणि आकडा १० अंशांनी बदलेपर्यंत पडद्याकडे बघत राहिला.

हाताचा पुढचा भाग आडवा होता आणि कोपरापासून पंज्याच्या बोटांपर्यंत आडवं अंतर साधारण ८०० मिमी. तेवढ्या लांबीवर १० अंश म्हणजे टोक सुमारे १४० मिमी खाली जातं. खोकं होतं ६० मिमी खाली. वेग अगदी कमी ठेवलेला होता म्हणून पंज्याचं एक बोट वाकण्यावर निभावलं.

तेव्हापासून मी सांधा आणि अक्ष वेगळे ठेवतो. J1 ते J6 हे सांधे. X, Y, Z हेच फक्त अक्ष. 'सहा सांध्यांचा हात' म्हटलं की नवख्यालाही खांदा, कोपर, मनगट डोळ्यांसमोर दिसतं.

सीएनसी ऑपरेटर
मला हा वादच कळला नाही. अक्ष म्हणजे अक्ष. लेथवर X आणि Z, मिलिंगवर X, Y, Z. वीस वर्षं काम करतोय, कधी गोंधळ झाला नाही.

रोबो प्रशिक्षक
तुमच्या मशीनवर होणारही नाही, कारण तिथे Z म्हणजे दिशाही आणि Z ची स्लाइडही. स्लाइड सरकली की टूल त्याच दिशेने सरकतं. रोबोत तसं एकास एक नातं नसतं. पंजा सरळ Z मध्ये १० मिमी उतरवायचा तर दोन-तीन सांधे एकदम वळतात, कधी त्याहून जास्तही. म्हणूनच तिथे एका शब्दाला दोन ओझी पेलत नाहीत.

सीएनसी ऑपरेटर
बरं, हे पटलं. पण चुकीच्या मोडमध्ये आहोत हे ओळखायचं कसं? पोरगा सारखा पडद्याकडेच बघणार.

रोबो प्रशिक्षक
पडद्यावर आकड्याशेजारी अंश आहेत की मिमी, हे आधी बघायचं. हलवायला लागल्यावर मात्र नजर पंज्यावर. Z मध्ये सरळ उतरताना पंज्याचा कल बदलत नाही. कोपर वळलं की पंजा लगेच तिरका व्हायला लागतो. तिरका दिसला की बटण सोडायचं.

वेल्डिंग सेलमधला
'सांधा' आमच्याकडे चालणार नाही. आमचा रोबो वेल्डिंग करतो आणि सांधा म्हणजे दोन पत्रे जिथे जोडायचे ती जागा. 'सांध्यावर जा' म्हटलं तर माणूस वेल्डिंग टॉर्च वेल्डवर नेईल. 'तिसरा सांधा' म्हणजे जॉबवरची तिसरी वेल्ड. एक घोळ काढून तुम्ही दुसरा आणताय.

रोबो प्रशिक्षक
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमचा रोबो खोकी उचलतो, त्यामुळे सांधा हा शब्द आमच्याकडे मोकळा होता.

भाषेची अभ्यासक
मूळ प्रश्नातले उरलेले दोन शब्द. 'अंत्य प्रभावक' ऐकून कुणालाही काही दिसणार नाही. त्यापेक्षा 'पंजा' घ्या, छोटा आहे आणि चित्र उभं करतो. 'लोलक' तर कृपया नको, तो घड्याळात आणि झुंबरात असतो.

वेल्डिंग सेलमधला
पंजा म्हणजे ग्रिपर. माझ्या रोबोच्या मनगटावर टॉर्च आहे, शेजारच्या सेलमध्ये व्हॅक्यूम कप आहेत. त्यांना पंजा कसं म्हणू? आम्ही सरळ टूल म्हणतो. पेंडंटवरही Tool असंच दिसतं आणि टूल बदललं की त्याचं वजन आणि टोकाची जागा नव्याने भरावी लागते. 'पंजा बदलला तर भरा' असं लिहिलंत तर टॉर्चवाला म्हणेल, हे माझ्यासाठी नाही.

भाषेची अभ्यासक
मग 'हत्यार'? कामगारांच्या तोंडी आहेच. ग्रिपर असेल तिथे पंजा, आणि सगळ्यांना मिळून हत्यार.

पुस्तिका लिहिणारी
हत्यार आवडलं. शस्त्र असा अर्थ कुणी घेणार नाही ना?

सीएनसी ऑपरेटर
कारखान्यात कुणी घेत नाही. आणि पेंडंटला पेंडंटच ठेवा. क्रेनचं लटकणारं बटणांचं खोकं असतं त्यालाही आम्ही पेंडंटच म्हणतो. शब्द आधीच घरचा झालाय.

रोबो प्रशिक्षक
पेंडंटबद्दल सहमत. मात्र ताई, तुमच्या मसुद्यात पेंडंटच्या मागच्या स्विचबद्दल काय लिहिलंय?

पुस्तिका लिहिणारी
'रोबो हलवताना मागचा स्विच घट्ट दाबून धरावा.'

रोबो प्रशिक्षक
'घट्ट' आजच काढा. त्या स्विचला तीन स्थिती असतात. सोडला तर रोबो थांबतो, मधल्या स्थितीत धरला तरच हलतो आणि पूर्ण आवळला तर पुन्हा थांबतो. घाबरलेला माणूस एकतर हातातलं सोडून देतो किंवा मूठ आवळतो, म्हणून दोन्ही टोकांना थांबा ठेवलाय. तुमचं वाक्य वाचून शिकणारा घट्ट दाबेल, रोबो हलणार नाही आणि तो म्हणेल स्विच बिघडला. मग कुणीतरी त्यावर पट्टी बांधून मधल्या स्थितीत अडकवून ठेवेल. मी हे पाहिलंय. 'मधल्या स्थितीपर्यंत अलगद दाबून धरावा' असं लिहा. नावाला काहीही म्हणा, क्रियापद चुकू देऊ नका.

पुस्तिका लिहिणारी
बदलते. नामांच्या मागे लागून हे माझ्याकडून सुटलंच होतं. पण अक्ष-सांध्याचं काय ठरलं?

रोबो प्रशिक्षक
वेल्डिंगचा मुद्दा ऐकल्यावर मला वाटतं, मराठी शब्द एकटा सोडायचाच नाही. पडद्यावरचं अक्षर त्याला कायम चिकटलेलं हवं. 'J3 सांधा १० अंश', 'Z अक्षावर १० मिमी'. कुका कंपनीच्या रोबोच्या पडद्यावर A1 ते A6 दिसतं, फानुकच्या J1 ते J6. ज्या रोबोसाठी पुस्तिका, त्याचं अक्षर. आणि एककाशिवाय आकडा कुठेही नको. माझ्या कागदावर 'मिमी' एवढं लिहिलेलं असतं तरी ते बोट वाचलं असतं.

भाषेची अभ्यासक
अक्षर आणि एकक दोन्ही असेल तर सांधा-अक्ष हा भेद कशाला? 'J3 अक्ष' म्हणा की. 'सहा अक्षांचा रोबो' रूढ होतोय, त्याला का हात लावायचा?

रोबो प्रशिक्षक
कारण बोलताना अक्षर गळतं. लिहिताना 'J3 अक्ष', पण सेलमध्ये ओरडून सांगताना 'अरे, तिसरा अक्ष!' एवढंच येतं.

वेल्डिंग सेलमधला
आणि आमच्याकडे 'तिसरा सांधा!' एवढंच येईल. शिवाय आमचा रोबो रुळावर सरकतो. तो रूळ सातवा ॲक्सिस, कंट्रोलरमध्ये E1. तिथे काही वळतच नाही, नुसतं सरकतं. त्याला सांधा म्हणायला जीभ वळत नाही.

पुस्तिका लिहिणारी
माझी पुस्तिका उचल-ठेव करणाऱ्या रोबोची आहे, तेव्हा J1 ते J6 ला सांधा लिहिते. वेल्डिंगची आवृत्ती करायची वेळ आली तर रुळासाठी तुमच्याकडे काय शब्द बोलतात?

वेल्डिंग सेलमधला
ट्रॅक. आणि जॉब फिरवणाऱ्या टेबलाला पोझिशनर. सहा ॲक्सिसना मात्र आम्ही नुसतं 'एक नंबर, दोन नंबर' म्हणतो.