मुंजीच्या पत्रिकेत ‘चौलोपनयन’ : जावळ आधीच काढलं असेल तर चालतं का?

विश्रामबाग : भाच्याच्या मुंजीची पत्रिका छापायला दिली आहे. छापखान्यातून आलेल्या मसुद्यात ‘चि. … याचा चौलोपनयन संस्कार’ असं आहे. पण मुलाचं जावळ पहिल्या वर्षीच काढलं होतं. मग पुन्हा चौल कसलं? आणि खाली ‘आठव्या वर्षी’ असंही आहे. मुलाचा जन्म 10 ऑगस्ट 2018चा, मुंज 2025च्या वैशाखात. सात तरी कुठे पुरी होतात? ‘उपनयन’ एवढंच ठेवावं का?

मिरजकर : चौल म्हणजेच जावळ. पोथीत चौल, घरात जावळ. एकदा झालं की झालं, पुन्हा होत नाही. शब्द काढून टाका.

माणदेशी : जावळ काढायला शिंगणापूरला जा. आमच्यात मूल मामाच्या मांडीवर बसतं, पहिली बट मामा कापतो आणि आत्या केस पदरात झेलते. पाचव्या किंवा सातव्या महिन्यात उरकतात, सम महिन्यात नाही. त्याला मुंज लागत नाही, आमच्यात मुंज नाहीच.

विश्रामबाग : माणदेशीदादा, जावळ झालेलं आहे. प्रश्न पत्रिकेतल्या शब्दाचा आहे.

मेणवली : मिरजकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. दोन्हींत पहिले केस काढतात म्हणून ते एकच वाटतं. पण जावळ हे निघून जाणाऱ्या केसांचं नाव आहे, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची लव ती जावळ. चौल हे चूडा या शब्दावरून आलं आणि चूडा म्हणजे शेंडी, मागे राहते ती. एक शब्द काय काढलं ते सांगतो, दुसरा काय ठेवलं ते.

म्हणून ओळखायची खूण सोपी. पहिल्या वर्षी केस काढले तेव्हा अग्नी होता का, होम झाला का, शेंडी ठेवली का? बहुतेक घरांत कुलदैवताला जाऊन सगळं डोकं भादरून आणतात. तो कुलाचार झाला आणि तो मनापासूनच केलेला असतो. संस्कार म्हणून चौल मात्र राहिलेलं असतं. आश्वलायन गृह्यसूत्रात चौलाचा काळ तिसरं वर्ष किंवा कुळाची रीत असेल तसा, असा दिला आहे. तिसऱ्या वर्षी ते आता फारसं कोणी करत नाही, म्हणून मुंजीच्या दिवशी सकाळी करून मग उपनयनाकडे वळतात. ‘चौलोपनयन’ म्हणजे एका दिवशी पाठोपाठ होणारे दोन संस्कार.

विश्रामबाग : होम नव्हता. औदुंबरला नेलं होतं, पूर्ण गोटा केला होता.

मेणवली : मग तुमच्या पत्रिकेतला शब्द बरोबर आहे. ठेवा.

मिरजकर : होमाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मुंजीत तरी चौल कुठे दिसतं? न्हावी येतो, मशीन फिरवतो, झालं.

मेणवली : तिथेच तर ते हुकतं. चौलात बाप स्वतः कापतो, न्हावी नंतर. कोमट पाण्यानं केस भिजवायचे, लोणी किंवा दही लावायचं, मग एकेका बटेबरोबर तीन दर्भ धरून वस्तऱ्यानं कापायचं. उजवीकडे चार वेळा, डावीकडे तीन वेळा. सात वेळा प्रत्येकी तीन म्हणून दर्भ एकवीस लागतात. यादीत नुसतं ‘दर्भ’ असेल तर गुरुजींना विचारून चौलाची जुडी वेगळी बांधून ठेवा, ऐन वेळी आसनाच्या दर्भांतून काढतात आणि मग दोन्हीकडे कमी पडतात. कापलेली बट शमीच्या पानांसह आईच्या हातात द्यायची आणि आईनं ती बैलाच्या शेणावर ठेवायची. माणदेशींच्या आत्याच्या पदराशी हे किती जवळचं आहे बघा, केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत हा आग्रह दोन्हीकडे आहे.

आता गडबड अशी होते की न्हावी लवकर येतो, कार्यालयाच्या मागच्या बाजूला पोराला बसवतो आणि गुरुजींनी संकल्प सांगायच्या आधीच डोकं साफ. मग बापानं वस्तरा लावायचा कशाला? कधीकधी शेंडीही जाते, मग तर चौलाचा अर्थच उरत नाही. न्हाव्याला आदल्या दिवशीच निरोप द्या : बोलावल्याशिवाय हात लावू नका, मागे शेंडी राखा.

कोयनाकाठ : चौल राहिलं त्याचं प्रायश्चित्तही असतं ना? आमच्या भटजींनी संकल्पात काहीतरी कृच्छ्र म्हटलं होतं.

मेणवली : असतं. जातकर्म, नामकरण, अन्नप्राशन वेळेवर झाले नाहीत तर प्रत्येकी पादकृच्छ्र आणि चौलाला अर्धकृच्छ्र. पूर्ण प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचं, म्हणजे पाव तीन दिवस आणि अर्धं सहा. उपास कोणी करत नाही, त्याऐवजी गोदानाचं मूल्य म्हणून दक्षिणा देतात. हिशेब गुरुजी संकल्पाच्या वेळी सांगतात, तो नीट ऐका. बारशाला नुसतं पाळण्यात घालून नाव ठेवलं असेल तर नामकरणही त्यातच येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

विश्रामबाग : आणि ‘आठव्या वर्षी’? तो छापखान्याचा घोळ ना?

कोयनाकाठ : घोळच. सहा वर्षं नऊ महिन्यांचा मुलगा म्हणजे सातवं चालू. ‘सातव्या वर्षी’ करा.

मेणवली : नाही, थांबा. सूत्रात ब्राह्मणाला ‘अष्टमे वर्षे’ आहे आणि लगेच ‘गर्भाष्टमे वा’ आहे. दुसऱ्या मोजणीत वर्षं गर्भापासून धरायची. मुलगा ऑगस्ट 2018चा, म्हणजे गर्भ साधारण नोव्हेंबर 2017चा. गर्भापासूनचं आठवं वर्ष नोव्हेंबर 2024ला लागलं, ते नोव्हेंबर 2025ला संपेल. वैशाख 2025 त्यात नेमका बसतो. जन्मापासूनचं आठवं ऑगस्ट 2025ला लागेल. त्यासाठी थांबायचं तर पुढच्या उत्तरायणात जावं लागेल आणि 2026मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. अधिक महिन्यात मुंज नाही, त्यामुळे मुहूर्त कमी पडतील. यंदाचं ठरवलंत ते उत्तम. फक्त ‘आठव्या वर्षी’ऐवजी ‘गर्भाष्टम वर्षी’ छापा.

मिरजकर : ‘गर्भाष्टम’ पाहुण्यांना कळणार नाही. वयाचा उल्लेखच काढा. आणि पत्रिकेत ‘व्रतबंध’ हा शब्द मला जास्त योग्य वाटतो. मुंज म्हणजे कमरेची मेखला, मौंजी. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणं. व्रत कशाचं घेतलं हे ‘व्रतबंध’च सांगतो.

मेणवली : वयाचं मान्य, काढलं तरी चालेल. ‘व्रतबंध’ छान आहे, पण त्यात चौल येत नाही आणि तुमच्या घरी त्या दिवशी चौल होणार आहे. मी ‘चौलोपनयन’च ठेवीन.

मिरजकर : मी ‘व्रतबंध’ छापीन आणि चौल आतल्या कार्यक्रमात वेळेसकट लिहीन.

विश्रामबाग : वेळेवरून आठवलं. मातृभोजन क्षौराच्या आधी की नंतर? कार्यालयाचा स्वयंपाकी विचारतोय, पानं कधी मांडायची.

कोयनाकाठ : आमच्याकडे आधी. आईबरोबर शेवटचं एका ताटात जेवतो, अष्टवर्गाचे आठ बटू पंगतीला असतात, मग क्षौर, मग आंघोळ.

मिरजकर : आमच्याकडे चौल आटोपून, आंघोळ घालून, मग मातृभोजन. केस उडत असताना ताट मांडत नाहीत.

मेणवली : दोन्ही रीती सांगली-साताऱ्यात आहेत. चौल त्याच दिवशी असेल तर काही गुरुजी चौल आधी, मग भोजन आणि पुन्हा नुसतं वस्तरा टेकवण्यापुरतं क्षौर असा क्रम धरतात. तुमच्या गुरुजींना आजच फोन करा आणि तो क्रम स्वयंपाकी आणि न्हावी दोघांनाही एकदमच सांगा.