आईसाठी घरचं बीपी मशीन: कोणतं घ्यावं?

सुमेधा_ठाणे: आईचं वय ६८, दंड जाड आहे. दुकानातल्या मशीनवर १५८/९२ आलं, डॉक्टरांकडे १४२/८६. दुकानदार म्हणतो, "थोडा फरक येतोच." कोणतं घेऊ?

बापू_कोल्हापूर: डोळे झाकून ऑम्रॉन घ्या. आमचे डॉक्टर दुसरं नावच घेत नाहीत.

गोखले_एमडी: बापू, कंपनी बरोबर सांगितलीत, पण डोळे उघडे ठेवा. चाचणी मॉडेलची होते, कंपनीची नाही. stridebp.org वर मॉडेल नंबर टाकून बघा. ऑम्रॉन, ए अँड डी, मायक्रोलाइफ यांची बरीच मॉडेलं तिथे सापडतील. खोक्यावर नुसतं "क्लिनिकली टेस्टेड" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका.
सुमेधाताई, आधी दंड मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, शिंपी वापरतो त्या टेपने.

सुमेधा_ठाणे: ३५ सेंमी भरला.

गोखले_एमडी: मग संशय पट्ट्यावरच. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमीचा असतो. जाड दंडाला तो अपुरा पडतो, धमनी दाबायला जास्त दाब भरावा लागतो आणि आकडा फुगतो. तुमच्यासारख्या दंडाला मोठा किंवा २२-४२ चा पट्टा हवा, पण त्याच कंपनीचा आणि त्या मॉडेलला चालणारा. दुसऱ्याचा जोडलात तर मशीनच्या चाचणीला अर्थ उरत नाही. अर्थात सगळे १६ अंक पट्ट्याचेच असतील असं नाही, दुकानात उभ्या-उभ्या मोजलं असेल तर तेही आलंच.

प्रवासी_नाशिक: मी मनगटावरचं वापरतो, पट्ट्याची कटकटच नाही. प्रवासात छान. मात्र वायफाय असलेलं कोणतं?

गोखले_एमडी: मनगट हृदयाच्या उंचीवर नसलं की आकडा बदलतो, मांडीवर हात ठेवून घेतलं तर वाढूनच येणार. दंडाला पट्टा बसतच नसेल तरच मनगटाचं. वायफायचं मला माहीत नाही.

सुमेधा_ठाणे: दंडाचं मशीन आलं, २२-४२ चा पट्टा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा: १४६/८८, १४१/८५. दवाखान्यातही नेऊन बघितलं, जवळपास तेच. पण नाडी अनियमित असल्याची खूण दोनदा लुकलुकली.

बापू_कोल्हापूर: आमच्याकडेही लुकलुकते, हात हलला की. दुर्लक्ष करा.

गोखले_एमडी: हात हलल्याने येते, मान्य. पण परत आली तर ईसीजी काढा. ठोके अनियमित असले की ही मशीनं चुकूही शकतात, तेव्हा तीन वेळा घेऊन सरासरी धरा.

सुमेधा_ठाणे: सोमवारी काढते. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आकडा आणखी चढेल.