मदत हवी आहे: दोन पक्ष फुटले, तरी विधानसभेतील प्रभावी पक्षसंख्या कमी कशी झाली?

मुलुंडची_वाचक:
राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी महाराष्ट्रातील पक्षव्यवस्थेचे विखंडन मोजते आहे. लाक्सो आणि तागेपेरा यांनी १९७९ साली मांडलेल्या निर्देशांकाप्रमाणे प्रत्येक पक्षाच्या जागांच्या वाट्याचा वर्ग केला, सगळ्या वर्गांची बेरीज केली आणि त्या बेरजेने १ ला भागले. प्रत्येक अपक्ष स्वतंत्र धरला. २०१९ च्या विधानसभेसाठी ४.३५ आणि २०२४ साठी ३.५९ असे उत्तर आले. मधल्या काळात शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन्ही पक्ष फुटले, म्हणजे विखंडन वाढायला हवे होते. माझे कुठे चुकते आहे, हे कृपया सांगावे.

मतपेटी:
अपक्षांना एकच गट धरा, फरक तिथेच असणार. २०१९ मध्ये १३ अपक्ष निवडून आले होते आणि आपण त्यांना १३ पक्ष मानले आहे.

परळचे_मास्तर:
आकडेमोड बरोबर आहे. मतपेटी यांची शंका रास्त असली तरी अपक्षांचा एकच गट केल्यास २०१९ चा आकडा ४.३५ वरून ४.३२ होतो, त्यामुळे कोडे त्याने सुटत नाही.

वाटा काढण्याआधीच्या थेट जागांचे वर्ग कागदावर मांडून पाहा, कारण २८८ चा वर्ग भागिले या वर्गांची बेरीज केली तरी उत्तर तेच येते. २०१९ मध्ये ही बेरीज १९,०५४ आहे आणि तीत भाजपच्या १०५ जागांचा वर्ग ११,०२५, म्हणजे सुमारे ५८ टक्के आहे. २०२४ मध्ये बेरीज २३,१२६ झाली आणि भाजपच्या १३२ जागांचा वर्ग एकटाच १७,४२४, म्हणजे सुमारे ७५ टक्के. वर्ग केल्यामुळे मोठा पक्ष आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त वजन घेतो. बेरीज वाढली की प्रभावी पक्षसंख्या घटते.

आता फूट वेगळी काढून पाहू. २०२४ च्याच जागा घ्या, पण शिंदे आणि ठाकरे यांच्या सेनेच्या ५७ आणि २० मिळवून ७७ धरा, तसेच दोन्ही राष्ट्रवादींच्या ४१ आणि १० मिळवून ५१ धरा. उत्तर ३.१६ येईल. म्हणजे फुटीने आकडा ३.१६ वरून ३.५९ पर्यंत वर नेला आणि आपली अपेक्षा तेवढ्यापुरती खरी ठरली. मात्र भाजपची वाढ आणि ४४ वरून १६ वर आलेली काँग्रेस यांनी तो त्याहून जास्त खाली ओढला. अर्थात हे फक्त अंकगणित आहे. पक्ष एकत्र असते तर मतदारांनी इतक्याच जागा दिल्या असत्या, असा दावा यातून करू नये.

दादर_पश्चिम:
मग आमच्या महापालिकेत तरी राजकारण एकवटलेले होते का? २०१७ मध्ये शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१ अशी स्थिती होती आणि मी प्रभागात फिरताना सगळे दोघांच्याच झुंजीबद्दल बोलत होते.

परळचे_मास्तर:
प्रश्न विधानसभेचा आहे, पण उदाहरण उपयोगी आहे. अपक्ष वेगवेगळे धरून २२७ जागांवर उत्तर ३.४५ येते, म्हणजे २०२४ च्या विधानसभेच्या अगदी जवळ. पण महापालिकेत दोन जवळपास सारखे पक्ष समोरासमोर होते, तर विधानसभेत एक पक्ष ४६ टक्के जागांवर आणि बाकीचे बरेच मागे. तेव्हा निर्देशांकासोबत पहिल्या दोन पक्षांचा वाटा नेहमी द्यावा. एकट्या आकड्यावरून स्पर्धा चुरशीची होती की एकतर्फी, हे कळत नाही.

मतपेटी:
मतांचे काय? अपक्षांचा मुद्दा तिथे तरी लागू पडेल.

परळचे_मास्तर:
तिथे गट कसा धरला याने खरोखर मोठा फरक पडतो, मात्र आपण सुचवलेला एकच गट धरणे चुकीचे ठरते. २०२४ मध्ये सहा मोठ्या पक्षांखेरीज सुमारे १८ टक्के मते इतरत्र गेली. ती सगळी एका 'इतर' गटात टाकली तर उत्तर ६.० येते आणि अगदी बारीक तुकड्यांत विखुरली असे मानले तर ७.५ च्या आसपास जाते. म्हणून 'इतर' ही ओळ कधीही एक पक्ष समजू नये. उमेदवारनिहाय तक्ता घेऊन ती फोडावी आणि ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांचे आकडे द्यावेत.

मुलुंडची_वाचक:
मनापासून आभार. फुटीचा परिणाम वेगळा काढून दोन्ही तक्ते जोडते. पण एक अडचण राहतेच. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्या २३० जागा एक एकक आणि महाविकास आघाडीच्या तीन पक्षांच्या ४६ जागा दुसरे एकक धरले तर उत्तर १.५ येते. जागावाटप करून लढलेल्या पक्षांना सहा स्पर्धक म्हणावे की दोन?

परळचे_मास्तर:
मी पक्षच एकक धरतो, कारण निवडणुकीनंतर बाजू बदलतो तो पक्ष, आणि २०१९ मध्ये महायुतीत लढलेली शिवसेना निकालानंतर बाहेर पडली होती.

दादर_पश्चिम:
मतदारासमोर मात्र बहुतेक ठिकाणी आघाडीचा एकच उमेदवार होता. माझ्या मते मतांसाठी आघाडीच एकक धरायला हवी.