मदत हवी आहे: ठिबकचे 14 बंडल कमी आले, कंपनीच्या रिजनल मॅनेजरला मेल कसा लिहू?

हळदवाला_वसमत · 26 मे
वसमतला ठिबकचं दुकान आहे. 6 मे रोजी 16 एमएम इनलाईनच्या 60 बंडलची ऑर्डर दिली, बंडल 400 मीटरचं. 14 मे रोजी माल आला, मोजले तर 46. बिल मात्र 60 चं. सेल्स ऑफिसर म्हणतात ट्रान्सपोर्टला विचारा, ट्रान्सपोर्टवाले म्हणतात कंपनीला विचारा. तीनदा फोन झाले. आता वरच्या साहेबांना लिहायचंय, पण संबंध बिघडू द्यायचे नाहीत. हळदीची लागवड तोंडावर आहे.

मोंढा_जालना
सरळ सगळं पेमेंट थांबवा. दोन दिवसांत गाडी दारात उभी राहते.

उदगीरची_लेक
माझा ऑनलाईन मागवलेला मिक्सर तुटका आला होता. ग्राहक मंचात तक्रार करा, फीसुद्धा फार नाही.

बिल्टी_आणि_वही
ताई, हा विकण्यासाठी घेतलेला माल आहे. ग्राहक कायद्यात असा खरेदीदार सहसा बसत नाही, त्यामुळे तो रस्ता इथं कामाचा नाही.

हळदवाला, आधी एक सांगा. बिल्टीवर किती नग लिहिलेत? आणि पोहोच देताना तुम्ही सहीजवळ काही शेरा मारला का?

हळदवाला_वसमत
बिल्टीवर 46. शेरा नाही, नुसती सही. ई-वे बिलावर 60 आहे.

बिल्टी_आणि_वही
मग गाठ सुटली. ट्रान्सपोर्टने 46 नग उचलले आणि 46 दिले, म्हणजे 14 बंडल कंपनीच्या गोडाऊनमधून गाडीत चढलेच नाहीत. ई-वे बिल बिलावरूनच निघतं, त्यामुळे तिथल्या 60 वरून लोडिंग सिद्ध होत नाही. बिल्टीवर 60 असते आणि तुम्ही शेरा न मारता सही केली असती, तर प्रकरण अवघड झालं असतं. मेलमधला मुख्य मुद्दा हाच ठेवा, बाकी सगळं त्यामागे.

पेमेंटबद्दल जालनाकर अर्धे बरोबर आहेत. 46 बंडलची रक्कम वेळेवर द्या, फक्त 14 ची अडवा आणि तसं लिहून कळवा. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरून उशिराच्या पैशावर व्याजाचं घड्याळ सुरू होतं. तुमचे 15 दिवस 29 मे रोजी संपतात. फोनवर बोललेलं त्यात धरलं जात नाही.

मेल असा करा:

> विषय: बिल क्र. 417, 14 बंडल कमी, 2 जूनपर्यंत पुरवठ्याची विनंती
>
> माननीय महोदय,
> 6 मेच्या ऑर्डरनुसार 60 बंडलचं बिल मिळालं. 14 मे रोजी 46 बंडल पोहोचले. बिल्टीवरही 46 नगांचीच नोंद आहे. याबाबत आपल्या सेल्स ऑफिसरशी 14, 17 आणि 21 मे रोजी फोनवर बोलणं झालं, अद्याप तोडगा निघालेला नाही.
> राहिलेले 14 बंडल, म्हणजे 5,600 मीटर नळी, पाच फुटांच्या बेडवर साधारण दोन एकर हळदीची आहे.
> कृपया हे बंडल 2 जूनपर्यंत पाठवावेत किंवा तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. 46 बंडलची रक्कम ठरल्या तारखेला भरत आहोत.
> सोबत: बिल, बिल्टी, उतरवलेल्या मालाचे फोटो.

एवढंच. ‘फसवणूक’, ‘तुमची माणसं दाद देत नाहीत’ असलं काही नको. साहेब मेल वाचून पहिल्यांदा गोडाऊनलाच फोन लावणार, तेव्हा त्यांच्या हातात बिल्टीचा आकडा हवा. आरोप दिसला की ते आधी आपल्या माणसाची बाजू घेतात आणि 14 बंडल मागे पडतात. फोनच्या तारखा कॉल लॉगमध्ये दिसतात तेवढ्याच लिहा.

मोंढा_जालना
पण भाऊ, सेल्स ऑफिसरच्या डोक्यावरून गेलात तर तो पुढच्या स्कीमला हात आखडता घेतो. हे बघितलेलं आहे.

बिल्टी_आणि_वही
ही भीती खोटी नाही. म्हणून मेलच्या आदल्या दिवशी त्याला सांगा, "साहेब, उद्या वर लिहितोय, तुम्हालाही प्रत आहे," आणि खरंच सीसीमध्ये ठेवा. बऱ्याचदा तोच रात्रीतून हालचाल करतो. तरीही मनात ठेवणार नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही.

हळदवाला_वसमत · 28 मे
काल सांगितलं, आज सकाळी मेल गेला. दुपारी मॅनेजर साहेबांचा फोन आला, गोडाऊनचा लोडिंग रजिस्टर मागवलाय म्हणाले. 2 जूनला माल देणं जमेल का ते सांगितलं नाही, क्रेडिट नोट लगेच देतो म्हणाले. काय घेऊ?

बिल्टी_आणि_वही
हे बोलणं आजच मेलवर परत लिहून टाका. क्रेडिट नोटवर तो व्यवहार मिटतो, नळी नव्या दराने घ्यावी लागू शकते. दर वाढलेत का, आणि शेतकरी किती दिवस थांबेल?

हळदवाला_वसमत
दर विचारतो. शेतकरी 5 जूनपर्यंत थांबतो म्हणालाय.