मदत हवी आहे: चार स्वरांचा पलटा दुसऱ्या फेरीत समेऐवजी खालीला का येतो?

कोपरखैरणे_सरगम
सोसायटीच्या हॉलमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. त्रितालात हाताने टाळ्या देत सरळ आरोह-अवरोह छान बसतो, सां बरोबर खालीला येतो. पण 'सारेगम, रेगमप' हा पलटा वर जाऊन खाली आला आणि पुन्हा सुरू केला की पहिला सा म्हणताना सगळ्यांचे हात उताणे! मुलं लय वाढवतात का? ॲपवर लय ६० ठेवली आहे. आणि ग-म मधलं अंतर कमी असतं, तेही टाळ्यांनीच दाखवता येईल का?

ठेकेदार_ठाणे
लय वाढली असती तर चूक दर वेळी वेगळ्या मात्रेवर पडली असती. तुमची रोज खालीलाच पडते, म्हणजे मुलं बरोबर आहेत, हिशोब तसाच आहे.

मोजून बघा. आरोहात चार-चार स्वरांचे पाच गट, म्हणजे २० मात्रा. पाचवा गट 'पधनीसां' दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर येतो. तिथून 'सांनीधप' पाचव्या मात्रेला सुरू होतो आणि 'मगरेसा' तिसऱ्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेला संपतो. एकूण ४०, म्हणजे अडीच आवर्तनं. पुढचा सा नवव्या मात्रेवर येणारच.

शेवटचा सा संपला की आठ मात्रा फक्त हात चालू ठेवा, गाणं बंद. ४८ मात्रा, तीन आवर्तनं, पुढचा सा समेवर. या आठ मात्रांत मुलं घाई करतात, म्हणून त्यांना मोठ्याने 'नऊ, दहा' म्हणायला लावा आणि 'सोळा'वर थांबू देऊ नका, 'एक' म्हणूनच थांबायचं.

घोडबंदर_बाबा
माझी मुलगी कीबोर्ड शिकते, तिला हा प्रॉब्लेम कधीच आला नाही. चार-चारचा बार धरा, २० स्वर म्हणजे पाच बार, संपलं. तालाचा एवढा बाऊ कशाला?

ठेकेदार_ठाणे
चार-चारचे गट बरोबर पडतात, हे तुमचं खरं. पण तिथे प्रत्येक बारचा पहिला ठोका सारखाच दिसतो, म्हणून कितव्या बारला सुरू केलं ते कळत नाही. त्रितालात तिसरा भाग हातानेच वेगळा दाखवतात, म्हणून ते उघडं पडतं.

तालवेडी
मग केरवाच घ्या ना. आठ मात्रा, ४० म्हणजे बरोबर पाच आवर्तनं. नवीन मुलांना त्रितालात अडीच आवर्तनं कशाला? आणि ग-म साठी एकताल वापरा. बारा मात्रा, सप्तकातले स्वरही बारा, एकेका मात्रेला एकेक स्वर.

ठेकेदार_ठाणे
केरव्याचं पटलं, सुरुवात त्यानेच करावी. एकतालाचं नाही. त्याच्या टाळ्या १, ५, ९, ११ वर आणि खाली ३, ७ वर. तुम्हाला शुद्ध स्वरांसाठी टाळी १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर हवी. तिसऱ्या मात्रेला एकतालात हात उताणा, तुमच्याकडे टाळी. मुलांच्या दोन्ही गोष्टी बिघडतील.

ताल बाजूला ठेवून नुसते तेरा समान आकडे मोजा, वरच्या टाळ्या द्या आणि तेरावी सां ला. पाच-सहा आणि बारा-तेरा या टाळ्या लागोपाठ पडतात, तेच ग-म आणि नी-सां. पण हे गात गात करू नका. टाळ्या जवळ पडल्या की मुलं ग लवकर सोडून म घाईने म्हणतात, स्वरातलं अंतर त्यांना वेळेचं वाटतं. आधी नुसत्या टाळ्या, मग पेटीवर पट्ट्या दाखवा आणि शेवटी सगळे स्वर सारख्या लांबीने गाऊन घ्या.

कोपरखैरणे_सरगम
अडीच आवर्तनांचा हिशोब आता लिहून ठेवते. अजून एक. ॲपवर तबला लावला की दोघी मुली दर वेळी खाली एक मात्रा उशिरा दाखवतात. टाळ्या नुसत्या असल्या की चुकत नाहीत.

ठेकेदार_ठाणे
त्या चांगल्या ऐकतात! ठेक्याचा तिसरा भाग 'धा तिं तिं ता'. नवव्या मात्रेचा धा अजून भरलेला, डग्ग्याचा घुमारा जातो दहाव्यापासून. त्यांना तो रिकामेपणा ऐकू येतो आणि तेव्हाच हात उताणा होतो. ठेका तोंडाने म्हणत हात द्यायला लावा, 'धा' म्हणतानाच उताणा. तिकडे 'ता धिं धिं धा' मधल्या 'ता'लाही टाळी आहे, पण डग्गा नाही. तीही नेमकी त्यांच्याकडून निसटत असेल, बघा.

तालवेडी
माझं मत तरी, पहिले काही महिने तबल्याचा आवाज बंदच ठेवावा, नुसता टिकटिक.

ठेकेदार_ठाणे
मग ठेका ऐकून सम ओळखायची सवय कधी लागणार? मी अर्धा वेळ तबला लावीन.